स्क्रिप्ट आटवायची कशी: प्रेक्षकाला पुढे न नेणारी प्रत्येक ओळ काढण्याची रीत

स्क्रिप्ट लांबली की बहुतेक जण वाक्यं छोटी करायला बसतात. 'अत्यंत'च्या जागी 'फार' येतं, 'करून घेणार आहोत'चं 'करूया' होतं, आणि दोन तासांच्या खटपटीनंतर पावणेतीन मिनिटांचा व्हिडिओ अडीच मिनिटांवर येतो. तो ऐकायला मात्र तितकाच कंटाळवाणा राहतो, कारण जी ओळ मुळात नकोच होती तीही घासूनपुसून जागेवर बसलेली असते. कापायची असते ती ओळ. शब्द त्यानंतर.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. पसरट स्क्रिप्टमध्ये शब्द जास्त असतात आणि माहिती कमी असते. 'छान परतून घ्या' हे ऐकायला भरलेलं वाटतं, पण किती परतायचं ते त्यात नाही. फालतू ओळी काढल्या की ही भोकं उघडी पडतात आणि ती बुजवावी लागतात. ओळी काढून जो थांबला, त्याची स्क्रिप्ट आखूड होते, पण कामाची होत नाही.

इथे एकच उदाहरण शेवटपर्यंत धरलं आहे: इंदुरी भुट्ट्याच्या किसाचा, म्हणजे किसलेला मका तुपात परतून दुधात शिजवलेल्या पदार्थाचा, पाककृती-व्हिडिओ, मागे निवेदन, पडद्यावर हात आणि कढई. कृती शिकवणाऱ्या व्हिडिओत कुठली ओळ कामाची आणि कुठली नाही हे लपत नाही, म्हणून हा प्रकार घेतला. खर्डा 36 ओळींचा आणि 310 शब्दांचा आहे.

## सुरू करण्यापूर्वी

मूळ खर्ड्याची एक प्रत वेगळी ठेवा आणि तिला हात लावू नका. गूगल डॉक्समध्ये File खाली Make a copy आहे, कागदावर लिहीत असाल तर झेरॉक्स काढा. मूळ जपलेलं असलं की कापताना हात आखडत नाही.

खर्डा लिहिला त्याच दिवशी कापायला बसू नका. एक रात्र तरी मध्ये जाऊ द्या. ताज्या खर्ड्यात लिहिणाऱ्याला प्रत्येक ओळीमागचा स्वतःचा हेतू ऐकू येतो आणि प्रत्येक ओळ गरजेची वाटते.

आणि हे सगळं निवेदन रेकॉर्ड करण्याआधी करा. रेकॉर्ड झालेल्या आवाजातून ओळी काढल्या तर जोड ऐकू येतो. आधीच्या वाक्याचा स्वर वर गेलेला असतो, पुढचं वाक्य खालून सुरू होतं, मधला श्वास अर्धवट तुटतो. एडिटिंगमध्ये ते पूर्ण झाकता येत नाही.

## टप्पा 1: मोठ्यानं वाचा आणि वेळ लावा

मोबाइलचं स्टॉपवॉच लावा आणि खर्डा निवेदनाच्या वेगानं, मोठ्यानं वाचा. मनात वाचलेलं चालत नाही, डोळे जिभेपेक्षा फार भरभर धावतात. एक मिनिट झालं की थांबा आणि तेवढ्या भागातले शब्द मोजा. तो तुमचा वेग. मराठी निवेदनात बहुतेकांचा आकडा 100 ते 130 यांच्यामध्ये येतो. आपण 115 धरू. म्हणजे 310 शब्दांना सुमारे 2 मिनिटं 42 सेकंद लागतील.

वाचताना जिथे जीभ आपोआप वेग पकडते, तिथे समासात एक रेघ मारा. आपण जे घाईनं उरकतो ते बहुधा आपल्यालाही नको असतं. या रेघा टप्पा 4 मध्ये उपयोगी पडतात.

तपासा: हातात तीन गोष्टी हव्यात. एकूण शब्द, तुमचा वेग, आणि समासातल्या रेघा. यातलं काही नसेल तर पुढे जाऊ नका, नाहीतर किती कापलं आणि पुरेसं कापलं का, हे शेवटी अंदाजानं ठरवावं लागतं.

## टप्पा 2: दोन रकाने करा, ओळींना क्रमांक द्या

डावीकडे दृश्य, उजवीकडे निवेदन. एका क्रमांकाला एकच वाक्य. खर्डा परिच्छेदात लिहिलेला असेल तर तो आधी असा फोडा.

हे काम कंटाळवाणं आहे आणि म्हणूनच टाळलं जातं. पण परिच्छेदात वाक्यं एकमेकांना टेकून उभी असतात, एकटी केली की कुठलं वाक्य स्वतःच्या पायावर उभं आहे ते कळतं. शिवाय डावा रकाना भरताना एक गोष्ट लगेच लक्षात येते: काही ओळींसमोर दाखवायला काहीच नसतं. तिथे निवेदन कशावर चाललंय, हा प्रश्न तिथेच विचारायचा.

## टप्पा 3: प्रेक्षक कोण आणि त्याला कुठे पोचवायचं, हे ठरवा

'पुढे नेणारी ओळ' असं म्हणताना पुढे म्हणजे कुठे, हे आधी ठरलेलं हवं. कागदावर दोन वाक्यं लिहा. पहिलं, बघणारा कोण. दुसरं, व्हिडिओ संपल्यावर त्याला काय करता आलं पाहिजे.

आपल्या उदाहरणात ती अशी आहेत: 'मूळचा इंदूरचा, आता पुण्यात राहणारा, कीस खाल्लेला पण कधी न केलेला माणूस. त्याला पहिल्याच खेपेत मोकळा, न चिकटणारा कीस करता आला पाहिजे.'

या दोन वाक्यांनी किती ओळींचा निकाल लागतो ते बघा. या माणसाला सराफा काय आहे हे सांगायला नको. दिवसा सोन्याचांदीची दुकानं आणि रात्री खाण्याचे ठेले, हे तो लहानपणापासून बघत आला आहे. कीस किती चविष्ट असतो हेही सांगायला नको, तो चवीसाठीच आलेला आहे. पण पुण्यात त्याच्या हाताशी बरेचदा देशी कणसाऐवजी स्वीट कॉर्न असणार, आणि त्याबद्दल 36 ओळींत एक अक्षर नाही.

सावधान: 'सगळ्यांसाठी' असं लिहिलंत तर पुढचे टप्पे कोसळतात. कुठल्या ना कुठल्या प्रेक्षकाला कुठली ना कुठली ओळ उपयोगी पडतेच, आणि मग काहीच कापता येत नाही.

## टप्पा 4: प्रत्येक ओळीला एकच प्रश्न

ओळीवर बोट ठेवा आणि विचारा: ही ओळ ऐकली नाही, तर तो माणूस नेमका कुठे चुकेल?

'चुकणार नाही, पण थोडं रुक्ष वाटेल' हे उत्तर म्हणजे ओळ गेली. कृतीच्या व्हिडिओत ओळ चार कारणांनी राहते. ती एक कृती सांगते, एखादी खूण किंवा माप सांगते, इशारा देते, किंवा असं कारण सांगते ज्यामुळे बघणाऱ्याच्या हातून होणारी कृती बदलते. शेवटच्या प्रकारात कसोशीनं बघा, कारण माहितगार माणसाला कारणं सांगायला आवडतात. 'मिक्सरमध्ये लगदा होतो' हे कारण माणसाला मिक्सरपासून दूर ठेवतं, म्हणून राहतं. 'स्वीट कॉर्नमध्ये साखर मुळातच जास्त असते' हे खरं आहे, पण 'साखर नको' एवढं सांगितल्यावर हात तेच करणार असतो.

खुणा साध्या ठेवा. राहणाऱ्या ओळीला 'पु', चित्रातच दिसतंय अशा ओळीला 'चि', आधी सांगून झालेल्या ओळीला 'दु', आणि बाकीच्यांवर काट. या फेरीत एकही शब्द सुधारायचा नाही. सुधारलेल्या वाक्यावर जीव जडतो आणि मग ते काढवत नाही.

आता खर्ड्याची सुरुवात बघू.

1. नमस्कार मंडळी, कसे आहात सगळे, मजेत ना?
2. आमच्या चॅनेलवर तुमचं पुन्हा एकदा मनापासून स्वागत आहे.
3. आज आपण एक खूपच खास आणि चविष्ट पदार्थ बघणार आहोत.
4. इंदूर म्हटलं की सराफा आठवतो आणि सराफा म्हटलं की भुट्ट्याचा कीस.
5. पावसाळा सुरू झाला की बाजारात सगळीकडे छान कोवळी कणसं दिसायला लागतात.
6. हा कीस घरी करायला अगदी सोपा आहे, पण बरेचदा तो गिळगिळीत होतो.
7. तसं का होतं आणि काय करायचं, ते आपण आज बघूच.
8. चला तर मग, वेळ न घालवता सुरुवात करूया.

हे 77 शब्द आहेत, म्हणजे 40 सेकंद, आणि आठव्या ओळीपर्यंत प्रेक्षक होता तिथेच आहे. पहिल्या तीन ओळी काट. चौथी ओळ सुरेख आहे, आणि अशाच ओळींवर लोक अडतात. पण ती ऐकली नाही तर कोणीही कुठेही चुकत नाही. सराफा हवाच असेल तर डाव्या रकान्यात टाका: रात्रीच्या ठेल्यावर परतला जाणारा कीस, दोन-तीन सेकंद. निवेदनात त्याला जागा नाही. पाचवी काट. सहावीचा पूर्वार्ध काट, उत्तरार्ध 'पु', कारण तिथे पहिल्यांदा या माणसाची अडचण सांगितली आहे. सातवी उत्तराचं नुसतं आश्वासन देते, उत्तर देत नाही. आठवी वेळ न घालवता सुरुवात करू म्हणते, तोवर 36 सेकंद गेलेले आहेत.

उरलं काय? 'पण बरेचदा तो गिळगिळीत होतो' एवढंच. त्याच्या शेजारी समासात लिहून ठेवा: 'का होतो ते सांगितलेलं नाही.' भरायचं पुढे.

घटकांचा भाग, ओळ 9 ते 18, यात 90 शब्द आहेत आणि तो जवळजवळ सगळा 'चि' आहे. 'चार कणसं, दोन मोठे चमचे तूप, एक छोटा चमचा मोहरी, पाव चमचा हळद...' अशी यादी कानानं कोणाच्या लक्षात राहत नाही. ती पडद्यावर अक्षरांत दाखवा आणि व्हिडिओखाली लिहा. तोंडानं फक्त तेवढं सांगा, जिथे यादी वाचूनही माणूस चुकू शकतो.

तपासा: पहिल्या फेरीनंतर साधारण निम्म्या ओळींवर काट, 'चि' किंवा 'दु' नसेल, तर तुम्ही 'चुकेल का' ऐवजी 'आवडेल का' हा प्रश्न विचारत होता. समासातल्या रेघांपाशी परत जा, तिथून सुरू करा.

## टप्पा 5: रिकाम्या शब्दामागे हरवलेली माहिती शोधा

पुनर्लेखनाचा गाभा हा टप्पा आहे आणि सर्रास गाळला जातो तोही हाच. उरलेल्या ओळींत 'छान', 'मस्त', 'व्यवस्थित', 'चांगलं', 'थोडंसं', 'चवीनुसार', 'अशा पद्धतीनं' हे शब्द दिसतील तिथे गोल करा. हे नुसते भरतीचे शब्द नसतात. लिहिणाऱ्याला जे हातानं माहीत आहे पण शब्दांत मांडलेलं नाही, तिथे ते येऊन बसतात. शब्द काढायचा आणि त्या जागी खूण, माप किंवा वेळ लिहायची.

कढईचा भाग घ्या.

19. आता आपण गॅसवर एक कढई ठेवूया.
20. कढई चांगली तापली की त्यात दोन मोठे चमचे साजूक तूप घालूया.
21. तूप शक्यतो घरचंच घ्या, कारण घरच्या तुपाची चव काही औरच असते.
22. तूप तापल्यावर त्यात मोहरी, हिंग आणि मिरच्या घालून छान फोडणी करून घ्यायची.
23. बघा, किती मस्त तडतडतेय मोहरी.
24. आता यात आपण किसलेला मका घालूया.
25. हा मका आपल्याला मंद आचेवर छान परतून घ्यायचा आहे.
26. परतताना सतत हलवत राहायचं, नाहीतर तो खाली लागू शकतो.
27. छान परतून झाला की मग त्यात आपण दूध घालणार आहोत.

एकूण 79 शब्द. एकोणिसावी 'चि', कढई गॅसवर आहे हे दिसतंच आहे. एकविसावी काट. तेविसावी काट, मोहरी स्वतः तडतडतेय आणि तिच्यावर बोलून आपण तिचाच आवाज झाकतो आहोत. चोविसावीतला 'मका' एवढाच शब्द कामाचा, तोही ताल राखण्यापुरता.

खरी गोम पंचविसावी आणि सत्ताविसावी यांच्यात आहे. कीस गिळगिळीत होण्याचं मुख्य कारण याच जागी घडतं. किसलेल्या मक्यात ओलावा आणि चीक असतो. तो परतून आटण्याआधी दूध पडलं की सगळं मिळून पेस्ट होते. किती परतायचं याची खूण अशी: मका कढईला चिकटायचा थांबतो, कच्चा वास जातो आणि कडेला तूप सुटलेलं दिसतं. मंद आचेवर चार कणसांच्या किसाला साधारण आठ-दहा मिनिटं लागतात. खर्ड्यानं हे सगळं 'छान' या एका शब्दात, तेही दोनदा, उडवून लावलं आहे. ज्या ओळीसाठी पूर्ण व्हिडिओ आहे, तीच लिहिलेली नाही.

नव्यानं लिहिलेला भाग:

> दोन मोठे चमचे तूप. मोहरी, हिंग, मिरच्या.
> आता मका, मंद आचेवर. हात थांबला की तळाला लागतो.
> आठ-दहा मिनिटांनी मका कढई सोडतो आणि कडेला तूप दिसतं.
> ते दिसलं, की एक कप गरम दूध.
> तूप दिसायच्या आधी दूध घातलंत, तर कीस चिकट होतो.

79 चे 41 झाले, आणि माहिती वाढली. कच्च्या वासाची खूण इथे मुद्दाम सोडली आहे. कडेला सुटलेलं तूप कॅमेऱ्यात दिसतं, वास दिसत नाही. पडद्यावर दाखवता येणारी एक खूण, न दिसणाऱ्या दोन खुणांपेक्षा जास्त लक्षात राहते.

कारण हाती लागल्यावर सुरुवातही लिहिता येते:

> भुट्ट्याचा कीस गिळगिळीत होतो, कारण दूध घालायच्या आधी तो पुरेसा परतलेला नसतो. मोकळा कीस करायचा, तर किती परतायचा ते बघू.

वीस शब्द, दहा सेकंद. सुरुवात नेहमी मधला भाग दुरुस्त झाल्यावर लिहावी. आधी लिहिली तर ती पुन्हा आश्वासनांनीच भरते, कारण द्यायला हातात काही नसतं.

घटकांच्या 90 शब्दांचं असं होतं:

> देशी कणसं चार. स्वीट कॉर्न असेल तर दूध निम्मं आणि साखर नको. कणीस किसणीवरच किसा, मिक्सरमध्ये लगदा होतो.

सावधान: काही जागी ओळ वाढते, आणि ती वाढू द्यायची. ओळ 31 होती, 'आता चवीनुसार मीठ, साखर आणि लिंबाचा रस घालूया.' आठच शब्द, पण तीन वस्तू एका दमात सांगितल्यामुळे माणूस तिन्ही एकदम, गॅस चालू असतानाच घालणार. दूध पूर्ण आटलेलं नसेल तर लिंबानं ते फाटतं. म्हणून: 'चवीपुरतं मीठ, एक छोटा चमचा साखर. गॅस बंद करा, मगच लिंबू, दूध उरलं असेल तर फाटतं.' सोळा शब्द, आणि इथे दुप्पट खर्च योग्य आहे. शब्दसंख्या कमी करण्याच्या भरात इशाऱ्याच्या ओळी कधीही कापू नका.

## टप्पा 6: चित्राला जागा सोडा

निवेदन कापल्यावर एक नवा घोळ होतो. 41 शब्दांना 21 सेकंद लागतात, पण मका परतण्याचं दृश्य तेवढ्यात उरकलं तर 'आठ-दहा मिनिटांनी' हे खरं वाटत नाही. निवेदन संपलं म्हणून दृश्य कापायचं नसतं. डाव्या रकान्यात प्रत्येक शॉटपुढे सेकंद लिहा आणि जिथे बोलायचं नाही तिथे उजवीकडे स्पष्ट लिहा: 'शांत, फक्त कढईचा आवाज, 4 सेकंद.' हे लिहिलं नाही तर निवेदन करणारा ती जागा काहीतरी बोलून भरतो, आणि काढलेली 'किती मस्त तडतडतेय' मागल्या दारानं परत येते.

परतण्याच्या भागात तीन शॉट पुरतात: ओला, पांढरट कीस, अर्ध्या वाटेवरचा, ढेकळं मोडलेला, आणि कडेला तूप सुटलेला, जवळून. तिसऱ्या शॉटवर 'कडेला तूप दिसतं' ही ओळ नेमकी पडली पाहिजे. ओळ दोन सेकंद आधी आली तर प्रेक्षक नसलेलं तूप शोधत बसतो.

म्हणूनच हा व्हिडिओ शेवटी एका मिनिटाचा होत नाही. निवेदन मिनिटभराचं, व्हिडिओ दोन मिनिटांच्या आसपासचा. उरलेलं मिनिट बघण्यासाठी आहे.

## टप्पा 7: जोड तपासा

ओळी काढल्या की त्यांना धरून असलेले शब्द लोंबकळत राहतात. 'तो', 'त्यात', 'मग', 'म्हणूनच', 'पण' या प्रत्येक शब्दाशी थांबा आणि विचारा की तो कोणाकडे बोट दाखवतोय. 'ते दिसलं, की एक कप गरम दूध' इथे 'ते' म्हणजे तूप, कारण आधीच्या ओळीचा शेवट 'तूप दिसतं' असा आहे. मध्ये एखादी ओळ घुसली तर 'ते' तुटेल, मग 'तूप दिसलं, की' असं लिहावं लागेल.

याच फेरीत वाक्यांची लांबी ऐका. 'दोन मोठे चमचे तूप. मोहरी, हिंग, मिरच्या.' अशी तुटक वाक्यं हात चालू असताना शोभतात. सलग सहा-सात आली की वाणसामानाची चिठ्ठी वाचल्यासारखं होतं. तीन-चार तुटक ओळींनंतर क्रियापद असलेलं एक पूर्ण वाक्य हवं. 'आठ-दहा मिनिटांनी मका कढई सोडतो' हे वाक्य पूर्ण लिहिलं आहे ते त्याचसाठी. आणखी आवळता आलं असतं, पण सगळ्यात महत्त्वाची ओळ घाईत म्हटली जाऊ नये.

'करून घ्यायचं आहे', 'घालणार आहोत', 'बघूया' ही क्रियापदांची शेपटंही आता उतरवा. आधी नाही. ही शेवटची हजामत आहे, आणि ओळी गेल्यावर ती दहा मिनिटांत होते.

शेवटच्या ओळींचं एकच बघा. 'कसा वाटला ते सांगा, लाइक करा, शेअर करा, सबस्क्राइब करा, बेलचं बटण दाबा, भेटूया पुढच्या व्हिडिओत' यात पाच मागण्या आहेत आणि प्रेक्षक एकही ऐकत नाही. एकच ठेवा, आणि ती याच कामाशी जोडलेली ठेवा: 'तुमचा कीस चिकट झाला, तर कुठल्या पायरीला, ते खाली लिहा.'

शेवटचा भाग असा उतरतो:

> झाकण ठेवून मंद आचेवर, दूध पूर्ण आटेपर्यंत.
> चवीपुरतं मीठ, एक छोटा चमचा साखर.
> गॅस बंद करा, मगच लिंबू, दूध उरलं असेल तर फाटतं.
> वर खोबरं, कोथिंबीर, आणि लगेच खायचा, गार झाला की घट्ट होतो.

तपासा: चारही भाग आणि शेवटची मागणी धरून निवेदन सव्वाशे शब्दांच्या आसपास येतं. 115 च्या वेगानं मिनिटभराहून थोडं जास्त.

## टप्पा 8: दोन परीक्षा, दोन वेगळ्या माणसांवर

पहिल्या माणसाला फक्त निवेदन ऐकवा, चित्राशिवाय. मग विचारा, 'दूध कधी घालायचं?' उत्तर 'थोडं परतल्यावर' असं आलं तर खुणेची ओळ ऐकू गेलेली नाही. ती हळू म्हणा किंवा तिच्याआधी क्षणभर थांबा, नवे शब्द घालू नका. उत्तर 'कडेला तूप दिसलं की' असं आलं तर काम झालं.

दुसऱ्याला आवाज बंद करून कच्चा व्हिडिओ दाखवा आणि काय काय कळलं ते सांगायला लावा. तो जे न ऐकता बरोबर सांगेल, ते निवेदनात अजूनही असेल तर तिथे आणखी एक 'चि' सापडला. जे त्याला कळलं नाही आणि पहिल्यालाही सांगता आलं नाही, ते व्हिडिओत कुठेच नाही, आणि ती ओळ लिहायची राहिली आहे.

ही माणसं कीस कधी न केलेली हवीत. रोज स्वयंपाक करणाऱ्या मावशींना विचारलंत तर गाळलेल्या जागा त्या स्वतःच्या अनुभवानं भरतील आणि सगळं कळलं म्हणून सांगतील.

## हीच कसोटी दुसऱ्या विषयाला लावताना

कृती न शिकवणाऱ्या व्हिडिओत 'तो कुठे चुकेल' हा प्रश्न जसाच्या तसा चालत नाही. इंदूरच्या राजवाड्यावर स्क्रिप्ट असेल तर विचारा: ही ओळ ऐकून नजर किंवा समज कुठे सरकते? 'खालचे तीन मजले दगडाचे, वरचे चार लाकडाचे' ही ओळ राहते, कारण ती ऐकताच डोळा दर्शनी भागावर खालून वर जातो आणि जिथे दगड संपतो तिथे थांबतो. 'होळकरांच्या वैभवाची साक्ष देणारा हा भव्य वाडा' ही ओळ कुठल्याही वाड्यावर चिकटवता येते, म्हणून जाते. ओळीतलं नाव बदलून ती दुसऱ्या जागेवर बसतेय का, हे पाहायला पाच सेकंद लागतात, आणि माहितीपर स्क्रिप्टमधल्या निम्म्या काटा तिथेच पडतात.

आठवणी, मुलाखती किंवा श्रद्धांजली असेल तर मात्र हात आवरा. तिथे बोलणाऱ्याचं अडखळणं आणि तेच पुन्हा सांगणं हाही मजकूर असतो. अशा स्क्रिप्टमध्ये फक्त निवेदकाच्या ओळींना ही कसोटी लावा, बोलणाऱ्याच्या वाक्यांना नाही.